कंपनी आतून धड आहे का, बाहेरून कसं ओळखायचं (बोअरच्या मोटारीची डीलरशिप घेणाऱ्यांसाठी)

लातूरला आमचं मोटार-पाइपचं दुकान आहे, आणि दर वर्षी दिवाळी झाली की औसा, निलंगा, रेणापूरकडून एक-दोन नवीन पोरं येऊन बसतात, दादा अमुक कंपनी तालुक्याची डीलरशिप देतेय, दोन लाख डिपॉझिट मागतेय, भरू का. बहुतेकांनी तोवर कंपनीचं रेटिंग बघितलेलं असतं, ४.१ स्टार आहेत म्हणजे चांगलीच असेल असं धरूनच आलेले असतात. त्यांना तोंडी जे सांगतो तेच इथं सविस्तर लिहितोय, म्हणजे कंपनीचा ताळेबंद हातात नसताना रिव्ह्यू, माल आणि बाजारातलं नाव या तीन गोष्टींवरून तिची तब्येत कशी ओळखायची. उदाहरण सबमर्सिबल मोटारीचंच घेतो कारण मला तेच कळतं.

आधी एक गोष्ट डोक्यात बसवा, बाकी सगळं त्यावरच उभं आहे. कंपनीकडं पैसा कमी पडायला लागला की ती सगळीकडं सारखी काटकसर करत नाही. नवीन मोटार बनवणं ती शेवटपर्यंत थांबवत नाही, कारण मोटार विकली तरच पैसा येतो. पण स्पेअर पार्ट बनवून ठेवणं, वॉरंटीत मोटार बदलून देणं, मेकॅनिकला गाडीभाडं देणं, डीलरच्या क्रेडिट नोटा काढणं यातून लगेच काहीच येत नाही, नुसता पैसा जातो. म्हणून चिमटा सगळ्यात आधी तिथं बसतो. त्यानंतर मालात हात आखडला जातो, आणि सगळ्यात शेवटी बाजारात बोंब होते. शोरूममधली मोटार चकाचक, पेपरात जाहिरात, मेळाव्यात जेवण, हे सगळं चालू असताना आत पैसा आटलेला असू शकतो.

आता रिव्ह्यू. स्टारची सरासरी सोडून द्या, ती गेल्या चार-पाच वर्षांची खिचडी असते, आजची कंपनी त्यात दिसतच नाही. ऑनलाइन विक्रीच्या साइटवर, गुगल मॅपवर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरच्या पानावर (हे पान लोक विसरतात, आणि खरं दुखणं तिथंच लिहिलेलं असतं) आणि यूट्यूबवर त्या मोटारीच्या व्हिडिओखाली, असं तिन्हीकडं जा, नवीन आधी असं लावा आणि एक ते तीन स्टारवालेच वाचा. शाळेची वही घ्या, पानावर तीन रकाने पाडा. पहिल्यात मोटारीची तक्रार, म्हणजे जळाली, पाणी कमी देते, आवाज करते. दुसऱ्यात सर्व्हिसची, मेकॅनिक आला नाही, फोन उचलत नाहीत. तिसऱ्यात अडकलेल्याची, पार्ट मिळत नाही, क्लेमची मोटार तीन महिने झाले परत नाही, रिफंड नाही. प्रत्येक तक्रारीपुढं महिना लिहा.

महिना कशाला, तर आपल्याकडं फेब्रुवारी ते मे मोटारी जळतातच. पाणी खाली जातं, मोटार कोरडी फिरते, वरून व्होल्टेज पडलेलं असतं, आणि शेतकरी रात्री लाइट आली म्हणून ऑटोवर टाकून झोपलेला असतो. मे महिन्यात तक्रारी वाढल्या म्हणून कंपनी बिघडली असं म्हणणं म्हणजे आषाढात पाऊस वाढला म्हणण्यासारखं आहे. म्हणून मेची तुलना मेशीच करायची, दिवाळीशी नाही.

माझ्या वहीतला खरा हिशोब सांगतो. आमच्याकडं एका कंपनीची डीलरशिप होती, नाव नको. २०२३ च्या फेब्रुवारी ते मेमध्ये मला तिच्या ३८ तक्रारी सापडल्या, त्यात २७ मोटार जळाल्याच्या, ९ सर्व्हिसच्या आणि २ अडकल्याच्या. २०२४ च्या त्याच चार महिन्यांत ४१ सापडल्या. आकडा बघितला तर काहीच फरक नाही, स्टार पण ४.१ चे ४ झाले होते एवढंच. पण रकाने बघा, मोटारीच्या १९, सर्व्हिसच्या १२ आणि अडकलेल्या १०. दोनाचे दहा झाले. मोटारीच्या तक्रारी तर उलट कमी झाल्यात, म्हणजे माल अजून बरा आहे, पण दिलेल्या शब्दाला लागणारा पैसा कंपनीकडं नाही. रिव्ह्यूमधून कंपनीची तब्येत वाचायची म्हणजे हे वाचायचं, किती लोक चिडलेत यापेक्षा कशावर चिडलेत ते.

कंपनी तक्रारीखाली उत्तर काय देते ते पण बघा. आमच्या त्या कंपनीचा माणूस आधी तक्रार नंबर टाकून लिहायचा, उद्या उदगीरहून मेकॅनिक येईल. मग सगळ्यांना एकच वाक्य चिकटवणं सुरू झालं, आणि मार्चनंतर उत्तरंच बंद. तो माणूस गेला असणार किंवा त्याच्या हातात द्यायला काही उरलं नसणार, दोन्हीचा अर्थ एकच निघतो.

खोट्या रिव्ह्यूंचं काय, असं सगळे विचारतात. मोटार खरंच बोअरमध्ये सोडलेला माणूस एचपी लिहितो, किती फुटावर सोडली लिहितो, किती पाइप उतरवले, किती इंच पाणी पडतं ते लिहितो. "उत्तम उत्पादन, पैसा वसूल, सगळ्यांनी घ्या" असं एकाच आठवड्यात पंधरा जणांनी लिहिलेलं असेल तर ते रकान्यात घेऊच नका. उलट बाजूनं, एकाच दिवशी पाच-सात शिव्या पडल्या आणि त्यात मॉडेलचं नाव पण नाही, तर तो शेजारचा स्पर्धक असू शकतो, ते पण सोडा.

दुसरं काम मालाचं, आणि यासाठी दुकानात बसून उपयोग नाही, वाइंडिंगवाल्याकडं जावं लागतं. माझ्या मते नवीन माणसानं कंपनीच्या ऑफिसात जाण्याआधी तालुक्यातल्या दोन रिवाइंडिंगच्या दुकानात अर्धा-अर्धा दिवस बसावं. कारण असं की मोटार उघडून आत बघणारा तोच एक माणूस आहे. जळालेलं तांबं तो भंगारात किलोवर विकतो, म्हणून कुठल्या कंपनीच्या कुठल्या मोटारीतून किती तांबं निघतं हे त्याच्या हाताला माहीत असतं. आमच्या वाइंडिंगवाल्या चाचांकडं मी २०२४ च्या उन्हाळ्यात बसलो होतो, तीच कंपनी, तीच पाच एचपी, दोन मोटारी एकाच दिवशी आल्या होत्या. चाचांनी दोन्हींच्या नेमप्लेटवरचं तेल बोटानं पुसलं, बनवल्याचा महिना मला वाचायला लावला, एक २०२२ ची आणि एक २०२४ ची. दोन्हींचं तांबं उपसून वेगवेगळ्या पोत्यावर ठेवलं, काट्यावर घातलं, नवीनचं तांबं पाऊण किलोनं कमी भरलं. मग थ्रस्ट बेअरिंग हातात दिलं. म्हणले, "सेठ, हे बगा, ह्याच्यावर पूर्ण पंपाचा लोड येतो, आणि हे कामून असं बदललं असंल?" जुन्याचा पृष्ठभाग अजून गुळगुळीत होता, नवीनवर नखानं चाचपलं तरी चरे लागत होते.

इथं घाई करू नका मात्र. वजन कमी झालं म्हणजे लगेच माल खराब असं नसतं. पंपाचे स्टेज बिडाऐवजी प्लास्टिकचे केले तर सेट हलका होतो आणि ते चांगलं पण असू शकतं, म्हणून पंप वेगळा काढून नुसत्या मोटारीचं बघायचं. कंपनीनं डिझाइन बदललेलं असेल तर मॉडेल नंबरात किंवा कॅटलॉगमध्ये ते दिसतं. नंबर तोच, कॅटलॉग तोच, नेमप्लेटवरचे आकडे तेच, किंमत तीच किंवा जास्त, आणि आतलं तांबं कमी, तेव्हाच शंका घ्यायची. आणि एका मोटारीवरून नाही, निदान चार-पाच बघा, दोन वेगळ्या मिस्त्रींकडं, कारण मिस्त्रीला पण एखादी कंपनी आवडत नसते.

नेमप्लेटवर आयएसआयचा मार्का असेल तर त्याच्या वर आयएस ८०३४ लिहिलेलं असतं (सबमर्सिबल पंपसेटचं मानक तेच), आणि खाली सीएम/एल नंबर असतो. मोबाइलवर BIS Care ॲप टाका, Verify Licence Details मध्ये तो नंबर घाला, लायसन्स कुणाच्या नावावर आहे, कुठल्या पत्त्याच्या कारखान्याचं आहे आणि चालू आहे का संपलंय ते दिसतं. दोन मिनिटांचं काम आहे. लायसन्स संपलेलं असताना त्यानंतर बनलेल्या मोटारीवर मार्का छापून येत असेल तर ती कंपनी नको, पुढचं काही बघूच नका. पत्ता वेगळ्याच कंपनीचा निघाला तर समजायचं की मोटार दुसरा कुणी बनवतो आणि हे फक्त नाव लावतात. त्यात गुन्हा काही नाही, पण मग तुम्हाला दोन कंपन्यांची तब्येत बघावी लागेल.

तिसरं, बाजारातलं नाव. "कंपनी कशी आहे हो?" असं विचारलं तर सगळे "चांगलीय" म्हणतात, कारण त्यांच्याकडं पण तिचा माल पडलेला असतो आणि तो त्यांना खपवायचाय. म्हणून मत विचारूच नका, व्यवहार विचारा. तुमच्या तालुक्यातला डीलर तुम्हाला स्पर्धक समजेल, म्हणून दूर जा, तुम्ही निलंग्याचे असाल तर परभणी, हिंगोली, नांदेडकडचे दोन-तीन डीलर गाठा. उधारी किती दिवसांची आहे आणि वर्षभरापूर्वी किती होती, स्कीमची क्रेडिट नोट शेवटची कधी मिळाली, दहा मोटारींची ऑर्डर दिली तर दहा एकदम येतात का तुकड्यात, आणि सेल्सवाला तोच आहे का बदलला, एवढं विचारलं तरी पुष्कळ. याची उत्तरं माणूस खरी देतो कारण ही त्याची रोजची डोकेदुखी असते.

आमच्या त्या कंपनीची उधारी आधी ४५ दिवस होती. मग ३० झाली, नियम बदललाय म्हणले. मग २०२४ च्या फेब्रुवारीत नवीन सेल्सवाला आला, तिसरा, आणि म्हणला ॲडव्हान्स भरा, ८ टक्के जादा देतो. मला पहिल्यांदा ते चांगलंच वाटलं, हे मोकळेपणानं सांगतो. पण नंतर बसून विचार केला, बँक वर्षाला दहा-बारा टक्क्यांनी पैसे देते, आणि ही कंपनी माझ्याकडून दीड-दोन महिने आधी पैसे घ्यायला ८ टक्के सोडतेय, म्हणजे हिला बँक देत नसणार. सीझन तोंडावर असताना कुठलीही धडधाकट कंपनी एवढं सोडत नाही, उन्हाळ्यात मोटार तशीच विकली जाते. लिहून ठेवा, उधारी आखडणं आणि त्याच वेळी ॲडव्हान्सवर मोठी सूट, ही दोन्ही एकत्र आली की पैशाची तंगी आहे. नुसती उधारी आखडली तर तसं नसतं, माल जास्त खपायला लागला की चांगली कंपनी पण उधारी कमी करते, पण ती वरून सूट देत नाही.

मार्चचा एक सापळा पण सांगून ठेवतो. वर्ष बंद करायला कंपन्या डीलरच्या गळ्यात माल टाकतात, ते थोडंफार सगळेच करतात. पण एप्रिलमध्ये तुमच्या खरेदीपेक्षा कमी भावात तीच मोटार शेजारच्या तालुक्यात विकली जात असेल, तर कुणाच्या तरी गोडाऊनमध्ये न खपलेला माल पडलाय आणि तो तोट्यात काढतोय. तिथं तुम्ही नवीन गेलात की पहिल्या दिवसापासून धंदा तोट्यात.

कारखाना जवळ असेल तर तिथल्या एमआयडीसीत खोके बनवणारा, पॅकिंगवाला, ट्रान्सपोर्टवाला यांना पण गाठा. पण मोटारी बहुतेक कोइम्बतूर, राजकोटकडून येतात, तिथवर कोण जाणार. म्हणून शेवटी घरबसल्या एक तपासणी, आणि ही मला सगळ्यात भरवशाची वाटते. कंपनीच्या कुठल्याही बिलावर तिचा जीएसटी नंबर असतो. www.gst.gov.in वर लॉगिन न करता Search Taxpayer मध्ये नंबर टाकला की रिटर्न कुठल्या तारखेला भरलं त्याचा तक्ता उघडता येतो. GSTR-3B हे दर महिन्याचं रिटर्न पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत भरायचं असतं, आणि कर भरल्याशिवाय ते दाखलच होत नाही. म्हणजे तारीख घसरली की खात्यात पैसा नव्हता, एवढं सरळ. एखादा महिना चुकला तर सोडून द्या, अकाउंटंट आजारी पडतो. पण आमच्या कंपनीचं आधी १८, १९, २० असं असायचं, मग २७ आलं, मग पुढच्या महिन्याची ९ तारीख, मग दोन महिन्यांचं एकदम. त्या तारखा आणि माझा रकाना शेजारी ठेवले तेव्हा मला राहिलेली शंका पण गेली. (लहान कंपन्या तिमाही भरतात, तेव्हा तक्ता वाचताना ते बघा. आणि वरच्या कंपनीनं कर भरला नाही तर तुमचं इनपुट क्रेडिट पण अडकतं, म्हणून डीलरनं हे तसंही बघत राहावं.) कंपनीनं मोठं बँक कर्ज घेतलेलं असेल तर क्रिसिल, इक्रा, केअर या रेटिंग कंपन्यांच्या साइटवर तिचं कर्जफेडीचं रेटिंग आणि त्यामागची कारणं फुकट वाचायला मिळतात, तिथं नावापुढं Issuer Not Cooperating दिसलं तर समजा की कंपनी रेटिंगवाल्यांना माहिती देत नाहीये.

आता हे सगळं कुठं फसतं ते पण सांगायलाच पाहिजे, आणि त्यासाठी मराठवाड्याबाहेर जायची गरज नाही. व्हिडिओकॉन आठवा. चितेगावचा कारखाना, घराघरात टीव्ही, आमच्या घरी पण तोच होता आणि वर्षानुवर्षं चालला. ग्राहकाला विचारलं असतं तर नाव चांगलंच घेतलं असतं. पण कंपनी टेलिकॉममध्ये आणि तेल-वायूत गेली, २०१२ च्या फेब्रुवारीत सुप्रीम कोर्टानं टूजीचे १२२ परवाने रद्द केले त्यात हिचे पण गेले, कर्जाचा डोंगर झाला आणि २०१८ मध्ये प्रकरण दिवाळखोरीच्या न्यायालयात गेलं. ही गोष्ट टीव्हीच्या रिव्ह्यूमध्ये तुम्हाला कधीच दिसली नसती, कारण दुखणं टीव्हीत नव्हतंच. म्हणून मालक मोटारीशिवाय अजून काय करतो हे विचारायचं. जमिनीचा धंदा, साखर कारखाना, कुठला नवीन प्रकल्प, काही असेल तर मोटारीचे रिव्ह्यू अर्धीच गोष्ट सांगतात, कर्जाचं कागदावरच बघावं लागतं.

याच्या उलटं पण होतं, धडधाकट कंपनी आजारी वाटते. एका वर्षात विक्री दुप्पट झाली की सर्व्हिसच्या तक्रारी धडाधड वाढतात, मेकॅनिक तेवढेच असतात ना. फरक असा ओळखायचा की वाढणाऱ्या कंपनीत दुसरा रकाना फुगतो आणि सहा-आठ महिन्यांत ओसरतो, क्रेडिट नोट वेळेवर येत राहते, जीएसटीची तारीख हलत नाही. तंगीतल्या कंपनीत तिसरा रकाना फुगतो आणि तो फुगतच जातो.

मी काय केलं ते सांगतो. मे २०२४ मध्ये ॲडव्हान्स भरला नाही. माझ्या १ लाख ४० हजारांच्या क्रेडिट नोटा लटकल्या होत्या, रोख मागितले असते तर मिळाले नसते, म्हणून तेवढ्याचाच माल मागितला आणि बिलात वळते करून घेतले, त्यातही जोरात खपणाऱ्या पाच आणि साडेसात एचपीच घेतल्या. ग्राहकांच्या क्लेमच्या मोटारी एकेक करून लेखी पोचपावतीवर पाठवल्या. डिपॉझिटपैकी अर्धं मालात निघालं, उरलेलं अजून तिकडंच आहे. कंपनी बंद पडली नाही, पण दिवाळीआधी आमच्या भागाचं सर्व्हिस सेंटर उठलं, आणि ज्या ओळखीच्या डीलरनं ८ टक्क्यांसाठी ३ लाख भरले होते त्याला निम्माच माल आला.

नवीन डीलरशिप घेताना आता मी असं करतो. आधी वही, मग मिस्त्री, मग दूरचे डीलर, मग जीएसटीचा तक्ता, या सगळ्याला पंधरा दिवस लागतात, सेल्सवाला कितीही "ऑफर उद्यापर्यंतच आहे" म्हणू दे. डिपॉझिट माल देऊन वळतं करता येईल का हे करारात लिहून घ्यायचं. पहिली ऑर्डर १० मोटारींची, आणि त्यातली एक मुद्दाम स्वतःच्या नाहीतर पाहुण्याच्या बोअरमध्ये सोडायची. आल्या आल्या एक किरकोळ पार्ट मागवून बघायचा, बुश किंवा इम्पेलर, आणि किती दिवसांत येतो ते वहीत लिहायचं. गेल्या जानेवारीत ज्या कंपनीचं काम घेतलं तिचा बुश सहाव्या दिवशी आला, वहीत पहिल्या पानावर ते लिहिलंय, आणि दर महिन्याच्या २१ तारखेला सकाळी दुकान उघडलं की मी आधी तिचा तक्ता बघतो.